टोप्या कितीही असोत, जुळणी सरासरी एकच का?

एका सभागृहाच्या दाराशी लोक आपापल्या टोप्या जमा करून आत जातात. टोप्या सांभाळणाऱ्याकडून बिल्ल्यांचा घोळ होतो आणि परत जाताना तो हाताला येईल ती टोपी देत सुटतो. सरासरी किती जणांना स्वतःचीच टोपी मिळेल?

संभाव्यतेच्या पुस्तकांत हे कोडे हमखास सापडते, आणि उत्तर ऐकून बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. चार जण असतील तर सरासरी एकाला. चारशे असतील तरी एकाला. चार लाख असतील तरी एकालाच, तेही अंदाजे नव्हे, तंतोतंत १. माणसे वाढली की जुळण्याही वाढाव्यात असे एक मन म्हणते. दुसरे म्हणते, इतक्या गर्दीत आपली टोपी सापडणारच कशी, तेव्हा जुळण्या कमी व्हायला हव्यात. दोन्ही मने अर्धी अर्धी बरोबर आहेत.

प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समधल्या पिएर रेमों द मोंमोर यांनी १७०८ साली तो पत्त्यांच्या एका खेळाच्या रूपात मांडला. खेळाचे नाव ‘ट्रेझ’, म्हणजे तेरा. पिसलेल्या कॅटमधून एकेक पान उलटत जायचे आणि तोंडाने एक, दोन, तीन असे तेरापर्यंत म्हणायचे. म्हटलेला आकडा आणि उलटलेले पान जुळले की जुळणी. टोप्या नंतर आल्या, गणित तेच.

## आधी चारच टोप्या घेऊ

अ, ब, क, ड अशी चार माणसे आणि त्यांच्या चार टोप्या. टोप्या वाटण्याचे एकूण प्रकार ४ × ३ × २ × १ = २४, आणि प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय आहे असे धरू. ही अट महत्त्वाची आहे, तिच्याकडे शेवटी परत यावे लागेल.

सरळ मार्ग म्हणजे चोवीसही प्रकार लिहून प्रत्येकातल्या जुळण्या मोजणे. तसे केले तर हे निघते: ९ प्रकारांत कुणालाच स्वतःची टोपी मिळत नाही, ८ प्रकारांत एकाला मिळते, ६ प्रकारांत दोघांना, आणि एका प्रकारात चौघांनाही. नेमक्या तीन जुळण्या असलेला प्रकार एकही नाही. असणारच कसा? तिघांना आपापली मिळाली की उरलेल्या चौथ्याला उरलेली, म्हणजे त्याचीच टोपी मिळते.

आता जुळण्यांची बेरीज करू: ८ × १ + ६ × २ + १ × ४ = २४. चोवीस प्रकारांत मिळून चोवीस जुळण्या, म्हणून सरासरी १. गणितात या सरासरीला अपेक्षित मूल्य म्हणतात. तोच प्रयोग फार मोठ्या संख्येने केला तर सरासरी ज्या आकड्याजवळ स्थिरावते, तो हा आकडा. ‘अपेक्षित’ म्हणजे ‘बहुधा तसेच होईल’ असा अर्थ इथे घ्यायचा नाही. आपल्याच उदाहरणात सर्वांत जास्त वेळा येणारा निकाल शून्य जुळण्यांचा आहे, एक जुळणीचा नाही.

चार टोप्यांना हे चालून गेले. दहा टोप्यांचे प्रकार ३६ लाख २८ हजार ८०० होतात आणि पन्नास टोप्यांचे किती, ते लिहायला ६५ अंकी संख्या लागते. तिथे यादी करण्याचा विचारही नको.

## आडवे मोजायचे की उभे?

युक्ती अशी की मोजण्याची दिशा बदलायची. चोवीस प्रकार एकाखाली एक लिहा आणि शेजारी अ, ब, क, ड असे चार रकाने आखा. ज्या प्रकारात अ ला स्वतःची टोपी मिळाली, तिथे अ च्या रकान्यात १ लिहा, नाहीतर ०. बाकी तिघांचेही तसेच. हा तक्ता म्हणजे हजेरीपटच आहे. दिवसवार बेरीज केली काय किंवा मुलागणिक केली काय, एकूण हजेरी तेवढीच निघते.

वर आपण प्रत्येक ओळीतल्या जुळण्या मोजल्या, म्हणजे आडवी बेरीज केली. आता उभी करू. अ च्या रकान्यात किती वेळा १ येतो? अ ची टोपी अ कडे पक्की ठेवली की उरलेल्या तीन टोप्या तिघांत ६ प्रकारे वाटता येतात. ते सहा प्रकार असे (अक्षरांचा क्रम म्हणजे अ, ब, क, ड यांना अनुक्रमे मिळालेल्या टोप्या): अबकड, अबडक, अकबड, अकडब, अडबक, अडकब. म्हणजे अ च्या रकान्यात सहा वेळा १. ब ला काही वेगळा न्याय नाही, त्याच्याही रकान्यात सहा. क आणि ड चेही सहा-सहा. एकूण ४ × ६ = २४, तीच बेरीज. यादी मात्र करावी लागली नाही.

रकान्यात येणाऱ्या या ० किंवा १ ला दर्शक चल म्हणतात. ‘अमुक घटना घडली का?’ या प्रश्नाचे उत्तर हो असेल तर १ आणि नाही असेल तर ०, एवढेच त्याचे काम. त्याची सरासरी काढणे सोपे असते, कारण शून्य आणि एक यांची सरासरी म्हणजे एक येण्याची संभाव्यताच. अ च्या रकान्याची सरासरी ६/२४, म्हणजे १/४.

आणि चारही रकान्यांच्या सरासरींची बेरीज म्हणजे एकूण जुळण्यांची सरासरी, या नियमाला अपेक्षित मूल्याची रेषीयता म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आत उभी आणि आडवी बेरीज सारखी येते यापलीकडे काही नाही. माणसे n असतील तर प्रत्येक रकान्याची सरासरी 1/n आणि रकाने n. एकूण जुळण्यांना X आणि त्यांच्या अपेक्षित मूल्याला E(X) म्हटले, तर

E(X) = n × (1/n) = 1

सुरुवातीच्या दोन मनांचा निकालही इथेच लागतो. माणसे वाढली की जुळणी होऊ शकेल अशा जागा वाढतात, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक जागी जुळण्याची शक्यता घटते. दोन्ही परिणाम एकमेकांना बरोबर खाऊन टाकतात.

## पण शेवटच्या माणसाचे काय?

पहिली शंका इथे येते. अ पहिला आला, त्याच्यासाठी चारही टोप्या होत्या, त्याची शक्यता १/४ हे मान्य. ड शेवटी येणार, तोवर त्याची टोपी भलत्याच्याच डोक्यावर गेलेली असायची. मग त्याचीही शक्यता १/४ कशी?

हिशेब करून पाहू. ड ला स्वतःची टोपी मिळायची तर ती पहिल्या तिघांच्या हातून सुटली पाहिजे. अ च्या वेळी ती सुटण्याची शक्यता ३/४, मग ब च्या वेळी २/३, मग क च्या वेळी १/२. एवढे पार पडले की शेवटी तीच उरते. गुणाकार ३/४ × २/३ × १/२ = १/४. आधीच्यांनी टोपी पळवण्याचा धोका आणि शेवटी निवडीला एकच टोपी उरण्याचा फायदा यांची फिटंफाट होते. रांगेतली जागा कोणतीही असो, शक्यता तीच.

## निकाल एकमेकांत गुंतलेत, मग नुसती बेरीज कशी चालते?

दुसरी शंका जास्त खोलवर जाते, आणि शिकलेल्यांनाही सतावते. अ ला त्याची टोपी मिळाली की ब ची शक्यता बदलते. घटना परस्परांवर अवलंबून असताना त्यांच्या सरासरी बिनदिक्कत कशा मिळवायच्या?

अवलंबन खरेच आहे. वरच्या सहा प्रकारांत पाहा: अ ला स्वतःची टोपी मिळालेली आहे, आणि त्यांपैकी ब लाही मिळाली असे प्रकार दोन, अबकड आणि अबडक. म्हणजे अ जुळला असेल तर ब ची शक्यता २/६, चतुर्थांशाहून जास्त. अ जुळला नाही असे प्रकार १८ आणि त्यांत ब जुळतो असे ४, म्हणजे शक्यता ४/१८, चतुर्थांशाहून कमी. पण ब चा रकाना खालपर्यंत मोजताना हे दोन आणि चार एकत्र येतात आणि सहाच होतात. रकान्यातले एक कोणत्या ओळींत पडलेत, शेजारच्या रकान्यातल्या एकांच्या जोडीने की एकटे, याच्याशी उभ्या बेरजेला काही देणेघेणे नसते. रेषीयतेला घटना स्वतंत्र असण्याची अट लागत नाही ती यामुळे.

तुलनेसाठी असा प्रकार घ्या: टोपी देताना सांभाळणारा प्रत्येक वेळी चार क्रमांकांतून एक चिठ्ठी काढतो, ती परत टाकतो, आणि एकाच क्रमांकाच्या हव्या तेवढ्या टोप्या त्याच्याकडे आहेत. आता चौघांचे निकाल पूर्ण स्वतंत्र झाले. सरासरी तरीही ४ × १/४ = १. बदलते ते बाकीचे चित्र. एकही जुळणी नसण्याची शक्यता आता (३/४)⁴ म्हणजे सुमारे ०.३२ होते, मूळ कोड्यात ती ९/२४ म्हणजे ०.३७५ होती. मूळ कोड्यात अशक्य असलेल्या नेमक्या तीन जुळण्याही आता घडू शकतात. गुंतागुंतीमुळे जुळण्या कशा विखुरतात ते बदलते, त्यांची सरासरी नाही.

## मग एक जुळणी नक्कीच होणार?

नाही, आणि ही चूक वारंवार होते. चौघांच्या शक्यता १/४ + १/४ + १/४ + १/४ अशा मिळवून १ आला, म्हणजे किमान एक जुळणी होणे निश्चित, असा निष्कर्ष काढला जातो. पण २४ पैकी ९ प्रकारांत एकही जुळणी नाही हे आपण मोजले आहे. किमान एक जुळणी होण्याची शक्यता १५/२४, म्हणजे ०.६२५.

बेरीज फसते कारण दोन जुळण्यांचा प्रकार तिच्यात दोनदा मोजला जातो आणि चार जुळण्यांचा चारदा. जुळण्यांची संख्या हवी असेल तर तसेच मोजायला हवे. ‘एक तरी जुळली का’ हे हवे असेल तर ते दुप्पट-चौपट मोजणे वजा करावे लागते, आणि ते काम रेषीयता करून देत नाही. स्वतःला तपासायची सोपी खूण: शक्यतांची बेरीज कधीकधी १ च्याही वर जाते. सरासरी संख्या म्हणून ते ठीक आहे, संभाव्यता म्हणून अशक्य.

माणसे वाढत गेली की एकही जुळणी नसण्याची शक्यता 1/e, म्हणजे सुमारे ०.३६८ या आकड्यावर स्थिरावते. दहा-बारा माणसांतच हा आकडा चार-पाच दशांश स्थळांपर्यंत पक्का होतो. याचा एक उपयोग लगेच दिसतो. गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी गुपचूप भेट द्यायची म्हणून नावांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि कुणाला स्वतःचेच नाव आले तर सगळ्या चिठ्ठ्या परत गोळा करायच्या असा नियम केला, तर सरासरी २.७ वेळा चिठ्ठ्या काढाव्या लागतील. पहिल्याच फेरीत जमेल ही आशा शंभरात सदतीस वेळाच पूर्ण होते.

## टोप्या हरवल्या किंवा काही ओळखीच्या निघाल्या तर?

रकाना-रकाना मोजण्याचा खरा फायदा कोड्याच्या अटी बदलल्यावर कळतो. शंभर जणांपैकी दहा जण नेहमीचे आहेत आणि त्यांच्या टोप्या सांभाळणारा बिनचूक देतो, बाकी नव्वद टोप्या आपापसांत कशाही वाटतो. दहा रकान्यांची सरासरी १ प्रत्येकी, नव्वद रकान्यांची १/९० प्रत्येकी. एकूण ११.

किंवा शंभरांपैकी पाच टोप्या हरवल्या, आणि उरलेल्या ९५ टोप्या शंभर जणांत कशाही वाटल्या, पाच जण रिकाम्या हाताने गेले. शिल्लक राहिलेली प्रत्येक टोपी मालकाकडे जाण्याची शक्यता १/१००, म्हणून सरासरी ०.९५. इथे रकाने माणसांचे न आखता टोप्यांचे आखले हे ध्यानात घ्या. रकाने कशाचे आखायचे हे आपल्या हातात असते, आणि निम्मे गणित तिथेच सुटते.

मोंमोर यांच्या खेळात बावन्न पाने आणि प्रत्येक आकड्याची चार. त्यामुळे एकेका हाकेला जुळण्याची शक्यता ४/५२ म्हणजे १/१३. हाका तेरा, सरासरी पुन्हा १. हाका तेरावर न थांबवता पुन्हा एकपासून सुरू करत बावन्नही पाने संपवली तर सरासरी ४ होते.

## संगणकाचे पिसणे तपासायला हेच कोडे

यादी यादृच्छिक क्रमाने लावणे हे प्रोग्रॅमिंगमधले रोजचे काम, आणि त्यात होणारी चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण निकाल विस्कटलेलाच दिसतो. टोप्यांचा आकडा इथे कामी येतो. पिसणे नीट असेल तर आपल्या मूळ जागी राहिलेल्या घटकांची सरासरी १ आलीच पाहिजे.

```python
import random

def test(n, trials):
    total = pairs = 0
    for _ in range(trials):
        a = list(range(n))
        for i in range(n - 1, 0, -1):
            j = random.randint(0, i)
            a[i], a[j] = a[j], a[i]
        m = sum(a[k] == k for k in range(n))
        total += m
        pairs += m * (m - 1) // 2
    return total / trials, pairs / trials

print(test(50, 100000))
```

हे पिसणे बरोबर आहे. एक लाख फेऱ्यांत पहिला आकडा ०.९९ ते १.०१ च्या बाहेर क्वचितच जाईल.

आता `randint(0, i)` च्या जागी `randint(0, i - 1)` लिहून पाहा. एका आकड्याची चूक. पण आता कोणताही घटक स्वतःच्या जागी राहूच शकत नाही, आणि सरासरी थेट ० येते. ही चूक लगेच पकडली जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सर्व जागांवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाताना प्रत्येक वेळी `randint(0, n - 1)` वापरणे. तीन घटकांसाठी त्यात २७ सारखे संभवनीय मार्ग होतात, ते सहा मांडण्यांत सारखे वाटलेच जाऊ शकत नाहीत, आणि जुळण्यांची सरासरी २६/२७ म्हणजे ०.९६३ निघते. हजारभर फेऱ्यांत हा फरक नशिबाचा वाटू शकतो, लाख फेऱ्यांत नाही.

## सरासरी १ आली म्हणजे पिसणे बरोबर?

इथे सुरुवातीची अट परत येते. समजा कुणी पिसण्याच्या नावाखाली यादी नुसती फिरवली: ० ते ४९ मधला एक आकडा यादृच्छिक घेतला आणि सगळी यादी तेवढी घरे पुढे सरकवली. प्रत्येक घटक स्वतःच्या जागी राहण्याची शक्यता १/५०, घटक ५०, सरासरी अगदी १. चाचणी पास. पण हे पिसणे नव्हेच. पन्नासांतून एकदा सगळे घटक जागच्या जागी राहतात आणि एरवी एकही नाही. जी रेषीयता गुंतागुंतीकडे पाहत नाही म्हणून आपले काम सोपे झाले, तीच इथे गुंतागुंत पाहू शकत नाही.

उपाय मात्र त्याच पेटाऱ्यातला आहे. एकेका माणसाऐवजी जोड्यांचे रकाने आखायचे: ‘या दोघांनाही आपापली टोपी मिळाली का?’ चार टोप्यांच्या तक्त्यात जोड्या ६, आणि अ-ब ही जोडी जुळते असे प्रकार दोन, म्हणून प्रत्येक जोडीची शक्यता २/२४. सहा जोड्यांची सरासरी १/२. n टोप्यांत जोड्या n(n − 1)/2 आणि प्रत्येक जुळण्याची शक्यता 1/(n(n − 1)), म्हणून सरासरी पुन्हा अर्धीच, n कितीही असो.

कोडमधला `pairs` हा आकडा तोच मोजतो. नीट पिसलेल्या यादीसाठी तो ०.५ च्या आसपास येतो. नुसत्या फिरवलेल्या यादीसाठी पन्नासांतून एकदा १२२५ जोड्या एकदम जुळतात आणि बाकी वेळा एकही नाही, म्हणून सरासरी २४.५. यातूनही निसटणारी पिसणी असतात, जी तिघांच्या गटांचे रकाने आखल्यावर सापडतात. तिथे योग्य सरासरी १/६ यायला हवी.